छत्तीस टनांचा टाचेखालचा प्रश्न : लोखंडी गर्डरला उभ्या पट्ट्या कशासाठी?

सांगलीत एका हळदीच्या गोदामाखालचा खांब शटरच्या मधोमध येत होता. मालकांना तो हलवायचा होता. खालचा खांब काढायचा, सहाशे मिलिमीटर बाजूला नवा काँक्रीटचा खांब उभा करायचा आणि वरच्या दोन मजल्यांचा भार घेऊन येणारा लोखंडी खांब मध्ये एका गर्डरवर टेकवायचा, असं ठरलं. फॅब्रिकेटरने अंदाजपत्रक दिलं. त्यात ‘आयएसएमबी ४००, ३ मीटर, १ नग’ या ओळीखाली ‘स्टिफनर प्लेट, ८ नग’ अशी ओळ होती. मालकांनी बोट नेमकं तिथेच ठेवलं.

“साहेब, चारशेचा गर्डर घेतोय. त्याला परत ह्या पट्ट्या कशाला? ह्याचं बिल वाढवायचं काम दिसतंय.”

मी हिशेब करून बघितला. मालक अर्धे बरोबर निघाले. आठ पट्ट्यांची गरज नव्हती. पण दोन अशा होत्या की त्या नसत्या तर गर्डर मधे वाकला नसता, तुटलाही नसता, फक्त टेकूपाशी चिरडला असता.

गर्डरचे कोणते अवयव काय करतात

इंग्रजी ‘आय’ अक्षरासारखा गर्डर डोळ्यांसमोर आणा. वरची आणि खालची आडवी पट्टी म्हणजे फ्लँज. त्यांना जोडणारा मधला उभा पत्रा म्हणजे वेब. गर्डर वाकायला लागला की वरची फ्लँज दाबली जाते, खालची ताणली जाते आणि वाकण्याचा मुख्य सामना या दोघी करतात. वेबचं काम दोघींना एकमेकींपासून दूर धरून ठेवायचं आणि भार आधारापर्यंत पोहोचवायचा.

म्हणून कारखान्यात लोखंड फ्लँजमध्ये घालतात आणि वेब बारीक ठेवतात. आयएसएमबी ४०० ची उंची ४०० मिलिमीटर, फ्लँज १४० मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर जाड. वेब मात्र फक्त ८.९ मिलिमीटर. बाजूने बघताना गर्डर धिप्पाड दिसतो, पण कापलेल्या टोकाकडून बघा, मधला पत्रा बोटाच्या जाडीलाही पुरत नाही.

आता या पातळ पत्र्याच्या डोक्यावर एकाच जागी खांब ठेवला, किंवा त्याच्या पायाखाली अरुंद आधार दिला, तर काय होईल? अख्ख्या गर्डरची ताकद तिथे उपयोगी पडत नाही. त्या जागेचा वितभर पत्राच झुंजतो.

पत्रा दोन तऱ्हांनी हरतो

एक पोस्टकार्ड टेबलावर उभं धरा. वरच्या कडेवर नखाने जोरात दाबलं की कड तिथल्या तिथे चुरगळते, बाकी कार्ड सरळच राहतं. आता नखाऐवजी फूटपट्टी ठेवून दाबा. कड शाबूत राहते, पण कार्ड मधूनच पोट काढून बाजूला फुगतं.

पहिल्या प्रकाराला क्रिपलिंग म्हणतात. फ्लँज आणि वेब जिथे मिळतात, त्या सांध्यालगतचा वेबचा चिंचोळा पट्टा दबून चिरडतो. दुसरा प्रकार बकलिंग. फ्लँजपासून फ्लँजपर्यंतचा वेबचा तुकडा एखाद्या उभ्या सडपातळ खांबासारखा बाजूला वाकतो. क्रिपलिंगमध्ये लोखंडाचा कस हरतो, बकलिंगमध्ये पत्र्याचा सडपातळपणा नडतो. गर्डर तपासताना दोन्ही गणितं वेगळी करावी लागतात आणि जे उत्तर लहान येईल ते खरं धरावं लागतं.

इथे भार पसरण्याची गोष्ट येते. चिखलात पाय रुततो, पण फळी टाकली की रुतत नाही. गर्डरमध्ये ती फळी म्हणजे फ्लँज. आपल्याकडचं आयएस ८०० हे मानक असं धरतं की आधाराची प्लेट जेवढी लांब, तेवढ्या लांबीवर भार फ्लँजमध्ये शिरतो. मग फ्लँजची जाडी आणि सांध्यातली गोलाई ओलांडताना तो प्रत्येक १ मिलिमीटर खोलीमागे २.५ मिलिमीटर बाजूला पसरतो. आपल्या गर्डरमध्ये फ्लँज १६ आणि गोलाई १४, मिळून ३० मिलिमीटर. म्हणजे भार एका बाजूला ७५ मिलिमीटर पसरला. क्रिपलिंगसाठी एवढाच पट्टा मोजायचा. बकलिंगसाठी भार ४५ अंशांत पसरत वेबच्या मध्यापर्यंत जातो असं धरतात, म्हणजे एका बाजूला २०० मिलिमीटर.

गर्डरच्या लांबीत मधे कुठेतरी भार असेल, तर तो डावीकडेही पसरतो आणि उजवीकडेही. टोकाला मात्र गर्डरच संपलेला असतो. तिथे पसरायला एकच बाजू मिळते. या एका वाक्यात गोदामाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

गोदामाचा हिशेब

वरच्या खांबातून येणारा भार ३० टन. मानकाप्रमाणे दीडपट करून ४५ टन धरायचा. (सोयीसाठी दहा किलोन्यूटन म्हणजे एक टन धरतोय.) गर्डरचा गाळा ३ मीटर, भार डाव्या टेकूपासून ०.६ मीटरवर. फळीवर माणूस एका टोकाजवळ उभा राहिला की त्या टोकाच्या हमालाला जास्त वजन लागतं, तसंच इथे. डाव्या टेकूवर पाचातले चार भाग, म्हणजे ३६ टन. उजवीकडे उरलेले ९ टन.

वाकण्याची तपासणी झाली. गर्डरवर २१.६ टन-मीटर येतंय, आणि कातरणीचा जोर जास्त आहे म्हणून कमी करून धरलेली क्षमताही सुमारे २४ येते. पास. (वरची फ्लँज स्लॅबने धरलेली आहे. ती मोकळी असती तर ही क्षमता आणखी घटली असती.) कातरणी, म्हणजे वेब कात्रीसारखा कापला जाण्याचा जोर, ३६ टन, क्षमता ४६.७ टन. पास. बरेच जण इथे वही मिटतात.

आता वरच्या खांबाखाली बघू. खांब गर्डरच्या लांबीत १५० मिलिमीटरवर टेकतो. दोन्हीकडे पसरून क्रिपलिंगसाठी ३०० मिलिमीटरचा पट्टा मिळतो, क्षमता ६० टनांच्या थोडी वर. बकलिंगसाठी ५७ टन. ४५ टनांना दोन्ही पुरतात.

डाव्या टेकूपाशी चित्र बदलतं. नव्या खांबावरची प्लेट गर्डरच्या लांबीत १०० मिलिमीटर. भार एकाच बाजूला पसरतो, म्हणून पट्टा १०० अधिक ७५, म्हणजे १७५ मिलिमीटर. लोखंडाचा कस २५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, त्याला १.१ ने भागून २२७ घ्यायचा. १७५ × ८.९ × २२७ केलं की ३५.४ टन येतात. हवेत ३६. थोडक्यात नापास.

बकलिंगमध्ये फरक मोठा आहे. इथे कस पूर्ण धरता येत नाही. वेब किती सडपातळ आहे ते आधी काढायचं. गोलाया सोडून वेबची सरळ उंची ३४० मिलिमीटर. दोन्ही फ्लँज त्याला धरून ठेवतात म्हणून त्यातली सत्तर टक्केच मोजायची. तिला पत्र्याच्या जाडीशी ताडून पाहिलं की सडपातळपणाचा आकडा सुमारे ९३ येतो. मानकातल्या तक्त्यात त्या आकड्यापुढे २२७ च्या जागी फक्त ११७ मिळतात. पट्टा १०० अधिक २००, म्हणजे ३००. उत्तर ३१.३ टन. मागणी ३६ टन. नापास, आणि थोडक्यातही नाही.

उजव्या टेकूवर ९ टनच आहेत. तिथे एकाही पट्टीची गरज नाही.

“मग गर्डरच मोठा घ्या ना”

मालकांचा हा दुसरा प्रश्न. रास्त आहे, आणि उत्तर अनपेक्षित. आयएसएमबी ४५० घेतला तर वेब ९.४ मिलिमीटर होतो खरा, पण उंचीही वाढते. उंच पत्रा अधिक सडपातळ. क्रिपलिंगची क्षमता ३८ टनांच्या वर जाते, पण बकलिंगची ३३ च्या आसपासच अडकते. मीटरमागे जवळपास अकरा किलो जास्त लोखंड विकत घेऊनही टेकू नापासच राहतो. माणसाला खुर्ची टोचते म्हणून त्याला जाडजूड करण्यासारखं ते आहे.

खरी स्वस्त सुटका म्हणजे टेकूची प्लेट लांब करणं. १०० च्या जागी १५० मिलिमीटर बैठक मिळाली तर बकलिंगची क्षमता ३६.६ टन होते आणि कागदावर दोन्ही तपासण्या पास. पण मी त्यावर विसंबत नाही. ओझं आलं की गर्डर मधे थोडा खाली वाकतो, टोक किंचित वर उचलू बघतं आणि सगळा जोर प्लेटच्या आतल्या कडेवर येतो. म्हणजे १५० मिलिमीटरची प्लेट असली तरी टेकणारे १५० असतीलच असं नाही. शिवाय आपला खांबही तेवढा रुंद नव्हता.

पट्टी नेमकं काय करते

उभी पट्टी, म्हणजे बेअरिंग स्टिफनर, वेबच्या दोन्ही बाजूंना, टेकूच्या बरोबर वर, वरच्या फ्लँजपासून खालच्या फ्लँजपर्यंत बसवतात. पोस्टकार्डाच्या दोन्ही अंगांना एकेक आइस्क्रीमची काडी चिकटवल्यासारखं. आता बाजूला फुगायला निघालेला वेब ती धरून ठेवते. टेकूवरून वर येणारा जोर पट्टीच्या खालच्या टोकातून शिरतो आणि वेल्डिंगमधून सावकाश वेबभर वाटला जातो. एका जागी चिरडण्याचा प्रश्न राहत नाही.

पट्टी किती जाड हवी? आपल्या फ्लँजवर वेबच्या प्रत्येक बाजूला ६५ मिलिमीटर जागा आहे. म्हणून पट्टी ६० रुंद. पण सांध्यात १४ ची गोलाई आहे, तिथे बसायला पट्टीचा कोपरा १५ मिलिमीटर छाटावा लागतो. त्यामुळे फ्लँजला टेकणारी रुंदी उरते ४५. मानक सांगतं, टेकणाऱ्या क्षेत्रफळाला कसाने गुणा आणि ०.८ × १.१ ने भागा. सगळे ३६ टन पट्ट्यांनीच घ्यायचे असं मी धरलं, तर १,२६७ चौरस मिलिमीटर टेकायला हवेत. दोन्ही पट्ट्यांच्या मिळून ९० मिलिमीटर रुंदीला १४ हून जरा जास्त जाडी, म्हणून १६ घेतली.

वेब आपल्या वाट्याचं ओझं घेतो आणि उरलेल्यासाठीच पट्टी हिशेबात धरली तरी मानक अडवत नाही. तशी इथे बरीच पातळ पट्टी चालली असती. पण १६ च्या दोन पट्ट्यांचं मिळून वजन साडेपाच किलो. तेवढ्यासाठी मी कंजूषी करत नाही.

पट्टी आणि तिच्या शेजारचा वेब मिळून एक छोटा अधिक-चिन्हाच्या आकाराचा खांब होतो, तो वाकेल का हेही बघावं लागतं. या खांबात प्रत्येक बाजूला वेबच्या जाडीच्या वीसपट वेब धरता येतो, म्हणजे १७८ मिलिमीटर. गर्डरच्या टोकाकडे अर्थातच जेवढा पत्रा आहे तेवढाच. आपल्याकडे हा खांब इतका बुटका आहे की त्याची क्षमता ८० टनांच्या वर गेली. इथे पट्टीचं टेकणंच निर्णायक आहे.

अशा रीतीने आठांतल्या दोन पट्ट्या गरजेच्या ठरल्या. वरच्या खांबाखाली मी आणखी दोन लावून घेतल्या, जरी गणितात ते पास होतं. कारण खांब साईटवर वेबच्या बरोब्बर रेषेत येतोच असं नाही. तो २० मिलिमीटर जरी बाजूला सरकला तरी फ्लँज एका अंगाला पिळली जाते आणि आपण धरलेलं सरळ दाबाचं गणित चुकतं. उजव्या टेकूवरच्या दोन आणि मधोमधच्या दोन मात्र कापल्या. मधोमध गर्डर लवतो म्हणून लोकांना तिथे पट्टी हवीशी वाटते. पण तिथे ना भार शिरत होता, ना बाहेर पडत होता.

“एवढ्याशा चुकीने खरंच काही पडतं का?”

१७ जून १९५८ रोजी कॅनडात व्हँकुव्हरला सेकंड नॅरोज पुलाचं काम चालू असताना त्याचे दोन गाळे पाण्यात कोसळले. त्या दिवशी १८ माणसं गेली. पूल बांधताना तात्पुरत्या टेकूखाली गर्डर आडवे-उभे रचले होते, आणि वरचा प्रचंड भार त्यांच्या वेबवर एका जागी येत होता. चौकशीत निघालं की हिशेबात वेबच्या क्षेत्रफळाऐवजी अख्ख्या गर्डरचं क्षेत्रफळ धरलं होतं, आणि स्टिफनर हवेत का हे तपासताना वेबच्या ०.६५ इंचाऐवजी फ्लँजची १ इंच जाडी लिहिली गेली होती. त्या आकड्याने उत्तर आलं, पट्ट्या नकोत. हिशेब करणारे दोन अभियंतेही त्या अपघातात गेले. तक्त्यात वेबची जाडी आणि फ्लँजची जाडी शेजारशेजारच्या रकान्यांत असतात. मी आजही तो आकडा लिहिताना बोट ठेवून वाचतो.

पट्टी लावली, पण टेकली का?

गणित संपलं तरी गोदाम अजून सुटलेलं नव्हतं. गर्डर तयार झाल्याचा फोन आला म्हणून वर्कशॉपला गेलो. पट्ट्या सुबक, रंगही मारलेला. खाली वाकून हॅकसॉ ब्लेड पट्टीच्या तळाशी सरकवलं, तर ते आरपार गेलं.

चूक एकट्या वेल्डरची नव्हती. आयएसएमबी गर्डरच्या फ्लँजची आतली बाजू सपाट नसते, ती वेबकडून टोकाकडे उतरती असते; वेबशी कोन ९० ऐवजी ९८ अंश. पट्टीचं टोक काटकोनात कापलं की ती वेबजवळ टेकते आणि बाहेरच्या कडेला अधांतरी राहते. ४५ मिलिमीटर रुंदीत ही फट सहा मिलिमीटरपर्यंत जाते. वर कोपराही नीट छाटलेला नव्हता, त्यामुळे पट्टी गोलाईवर चढून बसली होती. हिशेबात आपण ४५ मिलिमीटर टेकतात असं धरलं, प्रत्यक्षात जेमतेम दोन-चार टेकत होते.

अशी पट्टी नुसती वेबला वेल्ड केली असेल, तर आधी वेब चिरडेल, फट मिटेल आणि मगच पट्टी कामाला लागेल. पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडावी तसं. जाड वेल्ड भरून फट बुजवता येते, पण मग सगळा जोर त्या वेल्डवर येतो आणि तेवढ्या जोराचं वेल्ड हिशेबाने घालावं लागतं. सरळ उपाय म्हणजे पट्टीचं टोक आठ अंशांत तिरकं कापायचं, ग्राइंडर फिरवून घासून बसवायचं आणि मग वेल्ड करायचं. समांतर फ्लँजचे गर्डर मिळतात, त्यांत ही तिरप्याची कटकट नसते, कोपरा छाटण्याची मात्र असते.

जुना गर्डर असेल तर

नव्या गर्डरपेक्षा मला भिंतीत रुतलेल्या जुन्या गर्डरची टोकं जास्त सतावतात. मोरीलगतच्या भिंतीत, पाइप झिरपतो तिथे, वेब तळापासून गंजत जातो. आपल्याच गर्डरचा ८.९ चा वेब गंजून ६ मिलिमीटर राहिला असं समजा. जाडी एक तृतीयांश कमी झाली. पण पातळ पत्रा अधिक सडपातळ, त्यामुळे १०० मिलिमीटर बैठकीवरची बकलिंगची क्षमता ३१ टनांवरून १२ वर येते. मधे गर्डर ठणठणीत दिसतो, बदल टोकाला होतो, आणि टोक प्लास्टरखाली असतं.

बघायचं असेल तर टेकूपाशी थोडं प्लास्टर उतरवा. गंजाची पापुद्री खरवडून, उघड्या लोखंडावर कॅलिपरने जाडी मोजा. पापुद्रीसकट मोजली तर ती जास्तच भरते. वेबला उभी सरळपट्टी लावा आणि मागे उजेड दिसतो का बघा. सांध्यालगत रंग किंवा चुना आडव्या रेषेत फुटलेला असेल तर तिथे क्रिपलिंगची सुरुवात झालेली असू शकते. सरळपट्टीच्या मध्यावर फट किंवा फुगवटा दिसला तर बकलिंगचा संशय घ्या. या दोन्हींपैकी काही दिसलं तर वरचं ओझं आधी तात्पुरत्या टेकूवर घ्या, प्लेटी ठोकण्याचं नंतर बघू. भाराखाली असलेल्या वेबवर जाड वेल्ड मारताना लोखंड तापून त्या क्षणापुरतं नरम पडतं, आणि तेव्हाच ते बसायची शक्यता सगळ्यात जास्त.

गोदामाच्या गर्डरच्या पट्ट्या परत काढल्या, टोकं तिरकी कापली, पुन्हा बसवल्या. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मालकही आले होते. त्यांनीच माझ्या हातातलं ब्लेड घेतलं, चारही पट्ट्यांखाली घालून बघितलं, कुठेच शिरलं नाही. मग कापून काढलेल्या चार पट्ट्यांकडे बघून फॅब्रिकेटरला विचारलं, “ह्या बिलातून वजा होणार का?”